दहाव्या दोह्याची दुसरी ओळ

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रिय बारके,

तुझे पाचही दोहे वर्गचाचणीत टिकले. आज सकाळी आमच्या मुख्य संपादकांनी स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलं, तेव्हा बातमी पक्की समज. पाठ सहावीच्या मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात जाणार, चित्रकाराला काम दिलं गेलंय. अभिनंदन.

आम्ही दोघी इथे ठीक. आईचा गुडघा थंडीत जरा कुरकुरतो, पण जिना चढते. खिडकीला नवा पडदा लावला. तुझी तब्येत कशी आहे? मागच्या फोनवर आवाज बसलेला वाटला. जाहिरातवाले रात्री उशिरापर्यंत थांबवतात का अजून? गरम पाणी पीत जा.

पाठाचा कच्चा छापील कागद सोबत जोडलाय. कार्यालयाचं पाकीट कुरिअरने जायचंच होतं, त्यातच हे पत्र सरकवलं. फोनवर तू दोहे गाऊन दाखवतेस आणि मला मध्ये बोलता येत नाही, म्हणून कागदच बरा.

पाठाची रचना तुला एकदा नीट सांगते. दहा दोहे, दहा मूल्यं. पाच तुझे, पाच माझे. समासात मूल्याचं नाव. खाली स्वाध्याय: दुसरी ओळ पूर्ण करा, मूल्य ओळखा, मात्रा मोजा, आणि शेवटी स्वतःचा एक दोहा लिहा. शिक्षकांच्या पुस्तिकेत प्रत्येक दोह्याच्या मात्रा फोडून द्याव्या लागतात, ते काम मी केलं. तुझा संयमाचा दोहा घे. 'काल पेरले बीज अन्' म्हणजे तीन, पाच, तीन, दोन. तेरा. 'आज उकरशी रान' तीन, पाच, तीन. अकरा. पहिला आणि तिसरा चरण तेराचा, दुसरा आणि चौथा अकराचा, आणि अकराच्या चरणाचा शेवट दीर्घ-ऱ्हस्वावर, रान, हात, मार असा. हे सगळं तुझ्याकडून बिनचूक आलंय. तुला हे कुणी शिकवलं ते मी सांगायला नको. जेवणाच्या टेबलावर बोटांच्या पेरांनी ठोकून ठोकून. तू तेव्हा तेराच्या जागी चौदा मोजायचीस आणि वर भांडायचीस.

वर्गचाचणी म्हणजे काय, तेही सांगते. दोन शाळांमध्ये मुलांना फक्त पहिली ओळ देतात. दुसरी त्यांनी लिहायची. मग कार्यालयात बसून आम्ही तीन रकाने भरतो: जवळपास आपलीच ओळ आली, वेगळी पण त्याच अर्थाची आली, किंवा उलट्या अर्थाची आली. उलट्या अर्थाची वर्गात उचलून धरली गेली की तो दोहा पुस्तकातून बाद. कारण पुस्तक घरी गेल्यावर मुलांना पहिली ओळच आठवते. ती ओळ कुठे नेते हे आधी कळलेलं बरं.

तुझ्या दोह्यांना मुलांनी भलतंच काय काय लिहिलं, सगळं त्याच अर्थाचं. सत्याचा तर एका वर्गाने पाठच केला म्हणे, मधल्या सुट्टीत म्हणत होते:

खोटे सांगुन काल मी, चुकवुन आलो मार
काय म्हणालो आठवत, बसलो आज दुपार

यात 'सत्य' हा शब्द कुठेच नाही, याची नोंद मी केली होती. पण मुख्य संपादक म्हणाले, "राहू द्या हो. पोरगं थापा मारून दुपारभर कसं बसलंय ते दिसतंय मला." आमचे सर हो, ज्यांना अख्खं कार्यालय कात्री म्हणतं. त्यांनी तुझ्या एकाही अक्षराला हात लावला नाही. बावीस वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. असो, त्या दिवशी त्यांना सर्दी होती.

संयमाच्या दोह्यात मात्र मी एक छोटी सुधारणा केली आहे. तू लिहिलं होतंस:

काल पेरले बीज अन्, आज उकरशी रान
कोंब विनवतो आतुनी, झोपू दे ना छान

गोड आहे. पण मूल्य कुठे दिसतं? म्हणून दुसरी ओळ अशी केली: 'कोंब शिकवतो आतुनी, धीर धरावा छान'. मात्रा तशाच. तुझी हरकत नसेल असं धरून चालते.

माझ्या दोह्यांपैकी श्रमाचा उत्तम गेला. 'कष्ट करावे नेहमी, यश येई दारात' असं फळ्यावर लिहिल्याबरोबर अर्ध्याहून जास्त वर्गाने 'आळस ज्याने पोसला, रिकामेच ते हात' हेच, नाहीतर याच्या अगदी जवळचं लिहिलं. याला म्हणतात संस्कार. स्वच्छता, वक्तशीरपणा, आदर हेही टिकले. एकाचं थोडं काम बाकी आहे, ते मी बघते आहे. त्यात विशेष काही नाही.

आईने कागद पाहिला. चष्मा शोधला, दोहे वाचले आणि विचारलं, "यातले बारकीचे कुठले?" मी म्हटलं, ओळख. तर तिने पाचांवरही बरोबर बोट ठेवलं. मग बराच वेळ तुझा कोंब म्हणत बसली. तसं तर ती तुझी साबणाची जाहिरातही दिवसभर गुणगुणते. माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, मी भांडी लावत असताना. मी म्हटलं, आई, माझाही एखादा पाठ म्हण की. तर म्हणते, "तुझे पाठ म्हणायचे नसतात गं, वाचायचे असतात."

नावांचं सांगायचं राहिलं. पाठाखाली दोघींची नावं येतील. आमचा नियम असा, ज्याचे दोहे जास्त त्याचं नाव आधी. समसमान असतील तर वयाने मोठ्याचं. पाच-पाच आहेत, त्यामुळे माझं आधी आणि तुझं नंतर. तुला वाईट वाटणार नाही हे मला माहीत आहे.

कागद तपासून सही करून परत पाठव. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पाठ छापखान्यात जातो.

काळजी घे.

तुझी,
ताई


शनिवार, ८ नोव्हेंबर

ताई गं,

कागद मिळाला. आवाज ठीक आहे. गरम पाणी पिते. तीन दिवस एका बिस्किटासाठी ओळ शोधते आहे आणि मालकाला प्रत्येक ओळीत 'कुरकुरीत' हवंय, तेव्हा आवाज बसणार नाही तर काय होणार? तुझ्या आईला (हो, आज ती तुझीच) सांग, बिस्किटाचं गाणं पुढच्या महिन्यात येतंय, गुणगुणायला तयार राहा.

आता भांडते.

माझ्या कोंबाला तू मास्तर केलंस! बिचारा मातीत पडून झोपायला मागत होता आणि तू त्याच्या हातात छडी दिलीस. 'धीर धरावा छान' म्हणे. अगं, धीर छान कसा धरतात? मात्रा बसल्या, दोहा बसला नाही. ओळ परत कर. नाहीतर तो दोहा काढून टाक आणि समासात मूल्याचं नुसतं नाव छाप, तेवढंच काम होईल. झोपमोड झालेला कोंब पाहून ज्याला संयम कळणार नाही, त्याला समासातला शब्द वाचूनही कळणार नाही. ताई, मी साबण विकते. लोकांना 'स्वच्छ राहा' सांगितलं की ते स्वच्छ राहत नाहीत. त्यांना वास सांगावा लागतो.

आणि दुसरं. 'एकाचं थोडं काम बाकी आहे, त्यात विशेष काही नाही.' वा! बावीस वर्षं इतरांची वाक्यं सुधारून तुला स्वतःचं वाक्य लपवायला छान जमतं. तुमच्या कात्री सरांचा परवा मला फोन आला होता. माझा क्रमांक तुझ्याकडूनच घेतला म्हणाले, मानधनाच्या कागदासाठी. कागदाचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "बाई, एक दोहा कमी पडतोय. मत्सर करू नये, याचा. तुमच्या ताईंचा बाद झाला. तुम्ही लिहाल का?"

मी विचारलं, बाद कसा झाला? सांगायला तयार नव्हते, पण मी जाहिरातवाली आहे, काढून घेतलं. म्हणाले, तुझी पहिली ओळ फळ्यावर लिहिली:

मत्सर ज्याच्या अंतरी, त्यास न लागे झोप

आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून दुसरी म्हटली:

जागुन पहिला येइ तो, बाकी घेती झोप

वर्ग म्हणे टाळ्या पिटत होता. झोपेला झोप जुळवून तिने नियम मोडला, पण मात्रा मोजून बघ, तेरा-अकरा. मला ती मुलगी नोकरीला हवी.

हसू नको म्हणशील. मी हसले. मग तुझं पत्र परत काढून वाचलं. कारण मला कळलं, की हे तू मला सांगितलं नाहीस. संयम, सत्य, पाणी वाचवणं, मैत्री, सगळं मला दिलंस आणि मत्सर स्वतःकडे ठेवलास. वाटणी तू केली होतीस. तेव्हा मला वाटलं होतं, अवघड मूल्य ताईने प्रेमाने उचललं.

सरांना मी नाही म्हटलं. म्हटलं, ताईलाच लिहू द्या, ती लिहील. सहा-चार होऊन माझं नाव तुझ्यावर छापायचं मला काही पडलेलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून नव्हे. खरं सांगू? मला तुझी जागा कायम हवी होती. माझ्या ओळी तीन आठवडे जगतात. मग नवा साबण येतो. तुझे पाठ पोरं परीक्षेपर्यंत तरी सांभाळतात. त्या पानावर तुझ्या खाली उभं राहायलाही मला आवडलं असतं. तेवढंच.

कागद सही न करता परत पाठवते आहे. कोंब झोपल्यावर सही करीन.

तुझी,
बारकी


मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय बारके,

कोंब झोपला. तुझी ओळ जशीच्या तशी परत घातली आणि टंकलेखकाला समोर बसून बदलून घेतली. तो म्हणाला, "बाई, ही आधीचीच ओळ आहे की." मी म्हटलं, हो. म्हणाला, "मग मधली कशाला केली होती?" मी त्याला काही सांगितलं नाही. तुला सांगते.

तुझी ओळ मला चांगली वाटली म्हणून मी बदलली. वाईट वाटली असती तर हात लावला नसता, खाली खूण करून तुझ्याकडे परत पाठवली असती, सगळ्यांच्या पाठवते तशी. मूल्य दिसत नाही वगैरे मी नंतर शोधून काढलं. आधी फक्त एवढंच झालं, की 'झोपू दे ना छान' वाचलं आणि तीच ओळ परत परत वाचत बसले. मी आयुष्यात इतकी सोपी ओळ लिहिलेली नाही. मग पेन्सिल उचलली. पेन्सिल उचलण्याचा मला अधिकार आहे, हे तेव्हा फार बरं वाटलं.

तू सरांना नाही म्हणालीस हे वाचल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी पत्र टेबलाच्या खणात तळाशी सरकवलं. तुझा होकार मला चालला असता. मनातल्या मनात म्हटलं असतं, बघा, हावरी. पण तू नाही म्हणालीस, वर ताई लिहील म्हणालीस. आता चांगुलपणाही तुझाच. माझ्या वाट्याला काय उरलं? मात्रा.

मत्सर मी स्वतःकडे ठेवला तो प्रेमाने नाही. मला वाटलं, हा सोपा. सगळ्यांना माहीत असलेलं मूल्य. लहानपणापासून ऐकलेलं सगळं माझ्याकडे होतं: जळू नये, झोप लागत नाही, दुसऱ्याच्या सुखात सुख मानावं. तेवढं चौकटीत बसवायचं होतं. बसवलंही. 'इतरांचे यश पाहुनी, लाव मनी सुख-रोप.' सुख-रोप! छापील अक्षरात पाहिल्यावर माझं मलाच हसू आलं. असं रोप कुठल्या कुंडीत लागतं?

त्या वर्गात मी होते, बारके. सरांनी तुला हे सांगितलं नसेल. मी मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसले होते, रकाने भरायला. ती मुलगी उभी राहिली, ओळ म्हणाली, वर्ग हसला, आणि शिक्षिकेने तिला बस म्हटलं. मग शिक्षिका माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, हिचं काय लिहायचं?" सगळ्या पोरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी म्हटलं, "उलटा अर्थ." मुलीने विचारलं, "पण खोटं आहे का?" मी म्हटलं, "बाळ, प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, मूल्याचा आहे." ती बसली. मला वाटलं, हे वाक्य मी नुकतं नक्की काय म्हणून बोलले?

आणि तिचं खरंच आहे. तुझ्या जाहिराती रेडिओवर लागायला लागल्यापासून मी जास्त काम करते. रविवारी पाठ लिहिते. इतरांनी न मागितलेल्या टिपा लिहिते. कार्यालयाला वाटतं मी मेहनती आहे. तू पहिला मोठा पुरस्कार घेतलास त्या आठवड्यात मी अख्खं व्याकरणाचं प्रकरण संपवलं होतं. माझा दोहा मुलीने फोडला, कारण मी पुस्तकातला मत्सर लिहिला आणि तिने माझा.

काल सरांनी मला बोलावलं. टेबलावर पाठाचं पान पसरलं होतं. नऊ दोहे आणि दहाव्याच्या जागी पांढरी चौकट.

"काय करायचं?" म्हणाले.

मी म्हटलं, "लिहिते आहे."

"आठवडा झाला, बाई. तुमच्याकडून आठवडा कधी लागत नाही."

"जमत नाहीये."

ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "नऊच ठेवू या का? मत्सर काढून टाकू. नाहीतरी पुस्तकाच्या समितीला वाटतंय की अवघड विषय आहे."

मी हो म्हणणार होते. हो म्हटलं असतं तर पाच-चार. तरी तुझंच नाव आधी गेलं असतं, पण निदान तुला विचारायची वेळ आली नसती. एवढा हिशेब माझ्या डोक्यात क्षणात झाला, आणि त्याचीच मला लाज वाटली. ती मुलगी वर्षअखेर पुस्तक उघडेल आणि मत्सर हा शब्दच नसेल. तिला वाटेल, आपण एकट्याच अशा. मी म्हटलं, "नको. ठेवू या. पण तो एकटीने होणार नाही."

"मग?"

"पहिली ओळ माझ्याकडे आहे. दुसरी तिच्याकडून मागवते."

कात्रीने भुवया वर केल्या. "अर्धा दोहा मोजायची पद्धत नाही आपल्याकडे."

"मग कुणाचा धरायचा?"

थोडा विचार करून म्हणाले, "दोहा दुसऱ्या ओळीत उतरतो. पहिली नुसती दार उघडते. दुसरी ज्याची, दोहा त्याचा." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "म्हणजे सहा-चार होतील, बाई. विचार करा."

मी म्हटलं, केलाय. केला नव्हता. तो जिना उतरताना केला, घरी येताना केला, आणि आईला औषध देताना केला. आई म्हणाली, "कुणाशी भांडलीस?" म्हटलं, कुणाशी नाही. तर म्हणते, "मग बारकीशी भांडली असशील." मी तिच्यावर ओरडले. ती थोड्या वेळाने तुझं साबणाचं गाणं गुणगुणायला लागली, सवयीने, आणि मध्येच थांबली. माझ्याकडे बघून थांबली. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. आईने माझ्या तोंडाकडे बघून गाणं थांबवावं, इतकं माझं दिसतं का गं?

मी म्हटलं, "म्हण की. थांबलीस कशाला?"

"नको, तुला त्रास होतो."

"होतो. तरी म्हण."

तिने म्हटलं. मी टेबलावर ताल धरून पाहिला. आणि तेव्हा ही ओळ आली. आधी लिहिलेल्या सगळ्या ओळी मी घडवल्या होत्या, ही आली. मोजली नव्हती, नंतर मोजली, तरी बरोबर निघाली:

टाळी देउन पाहिली, हात राहिले गार

चार, चार, पाच. तेरा. मग तीन, पाच, तीन. बघ, यात मत्सर हा शब्द नाही. हे मी तुझ्याकडून शिकले, आणि हे लिहिताना मला दात आवळावे लागताहेत.

आता दुसरी ओळ. ती मी करून पाहिली नाही असं नाही. कितीतरी केल्या. प्रत्येक वेळी हात राहिले गार इथपर्यंत माझं खरं असतं आणि पुढच्या ओळीत मी शिकवायला उभी राहते. 'मनात ठेवा ऊब अन्' की काय. छडी आपोआप हातात येते. मला गार हातांच्या पुढे काय होतं ते माहीतच नाही, बारके. मी तिथपर्यंतच गेले आहे. तुला माहीत असेल. किंवा तुलाही नसेल, पण तू काहीतरी आणशील, कोंबासारखं, आणि ते बघून माझा हात परत पेन्सिलीकडे जाईल.

तर मागते. दुसरी ओळ दे. तेरा आणि अकरा, शेवट 'गार'शी जुळणारा, मार, दार, फार, हवं ते. मात्र 'गार'ला 'गार' जुळवलीस तर मी परत पाठवीन, झोपेला झोप त्या मुलीला एकदा चालवून घेतलं. उपदेश नको. आणि मला बरं वाटावं म्हणून वाईट लिहू नकोस. ते मला लगेच कळेल. मी बावीस वर्षं वाईट ओळी ओळखते आहे.

खोटं कशाला बोलू, तुझी ओळ फसावी असं मला आत्ता, हे लिहिताना, मनापासून वाटतंय. आणि ती फसली तर पान रिकामं राहील, म्हणून फसू नये असंही तितकंच वाटतंय. दोन्ही एकदम. मुलीला हे शिकवायचं कसं, ते मला समासात लिहिता येत नाहीये. तू लिही.

टंकलेखकाला पाठाखालची नावांची जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. चौकट गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांबेल. शुक्रवारी दुपारी पान छापखान्यात जाईल. तुझी ओळ आली तर तुझं नाव आधी जाईल, ते मी स्वतः लिहून देणार आहे, टंकलेखकावर सोडणार नाही. नाही आली तर सर नऊच ठेवतील. तुझी ओळ फोनवर सांगू नकोस. गाऊन तर मुळीच नको. कागदावर पाठव, बुधवारच्याच कुरिअरने, म्हणजे मला एकटीला वाचता येईल आणि पहिल्यांदा माझा चेहरा कसा होतो ते कुणाला दिसणार नाही.

तुझी वाट पाहणारी, आणि तुझ्यावर जळणारी,
ताई